ऑफर नाकारण्याचा मेल

पुण्यातल्या बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस पीरियड ९० दिवसांचा असतो. आज ऑफर लेटर हातात पडलं, तरी माणूस नव्या ऑफिसात प्रत्यक्ष रुजू व्हायला तीन महिने जातात. तेवढे दिवस नवी कंपनी त्याची खुर्ची राखून ठेवते. तो माणूस मात्र तेवढे दिवस बाजारात असतो. नोकरीच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे ‘नोटीस पीरियड चालू’ असं दिसू लागलं की फोन वाढतात, कारण लवकर मोकळा होणारा उमेदवार सगळ्यांनाच हवा असतो. दुसरी ऑफर येते, कधी तिसरीही येते. मग आधीच्या एकीला किंवा दोघींना नकार कळवायची वेळ येते आणि भल्या घरची, चांगल्या वळणाची मुलं-मुलीसुद्धा त्या क्षणी गप्प बसतात. फोन उचलत नाहीत. जॉइनिंगच्या दिवशी येत नाहीत. वाईट वाटतं म्हणून टाळतात, आणि ज्या माणसाबद्दल वाईट वाटत असतं त्याचंच सगळ्यात जास्त नुकसान करतात.

मी पुण्यात भरतीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. ऑफर नाकारल्याचा राग रिक्रूटरला येतो असा एक समज आहे. खरं सांगायचं तर नकार हा आमच्या कामाचा रोजचा भाग असतो. राग येतो तो उशिरा आणि अर्धवट कळवण्याचा. चार ओळींचा, वेळेवर आलेला, स्वच्छ नकार पाठवणारा उमेदवार रिक्रूटरच्या चांगला लक्षात राहतो, आणि दोन वर्षांनी तशीच जागा निघाली की पहिला फोन अनेकदा त्यालाच जातो. त्यामुळे हा मेल नीट लिहायला शिकणं हे नोकरी मिळवण्याच्या तयारीतच धरायला हवं.

मेलमधल्या शब्दांच्या आधी त्याची तारीख बघू. नम्रतेचा मोठा हिस्सा तारखेत असतो. एका जागेसाठी मुलाखती झाल्यावर कंपनीकडे साधारणपणे पहिल्या पसंतीचा एक उमेदवार असतो आणि त्याच्या मागे एक-दोन जण असे असतात की ज्यांना घ्यायलाही हरकत नसते. ऑफर मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही नकार दिलात, तर दुसऱ्या क्रमांकाचा माणूस अजून हाताशी असतो. त्याची मुलाखत ताजी असते, पगाराची मंजुरी उघडी असते, आठवड्याभरात त्याला ऑफर जाते. तोच नकार तुम्ही ८५व्या दिवशी दिलात तर काय होतं ते पाहा. दुसरा उमेदवार केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. नव्याने शोध, मुलाखती आणि मंजुरी यांत कमीत कमी महिना धरा. जो नवा माणूस मिळेल त्याचाही नोटीस पीरियड ९० दिवसांचाच. ८५ अधिक ३० अधिक ९०, म्हणजे जागा २०५ दिवस रिकामी. जवळजवळ सात महिने त्या टीममधली बाकीची माणसं एकाचं जादा काम ओढत राहतात. रिक्रूटरचं वर्षाचं मूल्यमापनही ‘दिलेल्या ऑफरपैकी किती जण रुजू झाले’ या आकड्यावर बऱ्याच अंशी ठरतं. तिसऱ्या दिवशीचा नकार त्या आकड्याला थोडा लागतो, पण सावरता येतो. शेवटच्या आठवड्यातला सावरता येत नाही.

मधे कन्सल्टन्सी असेल तर गणित आणखी कडक होतं. भारतात उमेदवार मिळवून दिल्याबद्दल कन्सल्टन्सीला मिळणारी फी बहुतेक वेळा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. १८ लाखांच्या पॅकेजवर दीड लाख. ही रक्कम उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते. तुम्ही ऑफर स्वीकारून शेवटी आला नाहीत, तर त्या माणसाने तुमच्यामागे घालवलेल्या दोन-तीन महिन्यांचे शून्य रुपये होतात. म्हणून निर्णय झाला की त्याच दिवशी कळवायचं. ‘सोमवारी सांगू’ म्हणून शनिवार-रविवार काढू नयेत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सहा वर्षांचा अनुभव असलेली एक डेटा इंजिनिअर आहे. खराडीच्या एका कंपनीकडून तिला १२ तारखेला ऑफर आली. अजून तिने ती स्वीकारलेली नाही. दरम्यान दुसऱ्या कंपनीने तिला पेमेंट्सच्या क्षेत्रातली जागा देऊ केली आणि १४ तारखेला संध्याकाळी घरी बोलून तिचं ठरलं की दुसरीकडे जायचं. खराडीच्या कंपनीतली माणसं तिला आवडली आहेत. तिथे पुढे कधी तरी काम करायला तिला खरंच आवडेल.

पहिलं काम फोनचं. १५ तारखेला सकाळी दहा-साडेदहाला तिने रिक्रूटरला फोन करावा. मेल ही नोंद असते, पण वाईट बातमी माणसाने माणसाला आधी तोंडी सांगितलेली बरी. फोन दोन-तीन मिनिटांचा असावा. त्यात एक प्रश्न हमखास येतो: “ते किती देतायत? आपण बघू ना काही तरी.” या प्रश्नाचं उत्तर फोन करण्याआधीच ठरलेलं हवं. रक्कम वाढवली तर ती खराडीला जाणार असेल, तर तो नकार नव्हेच, ती वाटाघाट आहे आणि ती तशीच उघडपणे करावी. जाणार नसेल, तर ‘पगाराचा प्रश्न नाही, माझा निर्णय झालाय’ एवढंच म्हणून थांबावं. दुसऱ्या कंपनीचं नाव किंवा आकडा सांगायचं बंधन तिच्यावर नाही. ‘ते सांगायला मला बरं वाटणार नाही’ असं म्हटलं तर कुणीही समजूतदार रिक्रूटर पुढे विचारत नाही.

फोन ठेवल्यावर तासाभरात मेल. लेखी काही आल्याशिवाय रिक्रूटरला ती ऑफर सिस्टीममध्ये बंद करता येत नाही, आणि ती बंद झाल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या उमेदवाराची ऑफर तयारच होत नाही. फोनवर सांगून मेल तीन दिवसांनी पाठवणं म्हणजे ते तीन दिवस वाया घालवणं. हा मेल प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीत जाईल. त्यातला मजकूर साधारण असा असावा:

“नमस्कार,

आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे लेखी कळवते. सीनियर डेटा इंजिनिअर या जागेसाठी १२ तारखेला आपण पाठवलेली ऑफर मी स्वीकारत नाही.

मी दुसऱ्या एका कंपनीतली जागा घ्यायचं ठरवलं आहे. तिथलं काम पेमेंट्सच्या रिअल-टाइम डेटाचं आहे आणि पुढची काही वर्षं मला तेच काम करायचं आहे. पगाराचा किंवा पदाचा प्रश्न नव्हता. निर्णय पक्का आहे.

माझ्या सोयीसाठी तुम्ही तिसरी फेरी शनिवारी ठेवलीत आणि पगाराची रचना ओळ न ओळ समजावून सांगितलीत, त्याबद्दल मनापासून आभार. टीमच्या प्रमुखांशी डेटा मॉडेलिंगवर झालेली चर्चा मला फार आवडली. त्यांनाही माझे आभार कळवावेत.

तुमच्याकडे स्ट्रीमिंग डेटाची नवी टीम उभी राहणार असल्याचं त्यांनी सांगितलं होतं. दीड-दोन वर्षांनी तिथे लीडची जागा निघाली, तर मला जरूर कळवा. माझा वैयक्तिक ईमेल आणि फोन नंबर खाली देते. नोकरी बदलली तरी ते हेच राहतील.

आपली,”

आणि खाली पूर्ण नाव.

हा मेल कुठून पाठवायचा तेही महत्त्वाचं आहे. ज्या मेलबरोबर ऑफर लेटर आलं त्यालाच उत्तर द्यावं, नवा मेल सुरू करू नये. रिक्रूटरकडे एका वेळी पंधरा-वीस जागा असू शकतात. मूळ मेलखाली जागेचं नाव, तिचा नंबर, पगाराचा तपशील सगळं असतं, त्यामुळे तिला शोधाशोध करावी लागत नाही. आपल्या सध्याच्या कंपनीच्या ईमेलवरून तर कधीच पाठवू नये. मोठ्या कंपन्यांत ऑफर पोर्टलवर येते आणि तिथे ‘स्वीकार’ आणि ‘नकार’ अशी दोन बटणं असतात. नकाराचं बटण शेवटी दाबावं, फोन आणि मेल झाल्यावर. बटण दाबलं की सिस्टीमकडून आपोआप सूचना जाते आणि कधी ती टीमच्या प्रमुखालाही जाते. आपला उमेदवार गेला हे रिक्रूटरला स्वतःच्या मॅनेजरकडून कळणं ही तिच्यासाठी लाजिरवाणी गोष्ट असते. ते टाळता येतं, तर टाळावं. मुलाखत घेणाऱ्या प्रमुखाला वेगळे चार शब्द लिहायचे असतील तर तेही याच कारणाने दुसऱ्या दिवशी लिहावेत.

आता मजकूर. पहिल्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य हा या मेलचा कणा आहे: ‘ऑफर मी स्वीकारत नाही.’ आपल्याला सरळ ‘नाही’ लिहायचा संकोच वाटतो. मग ‘सध्याच्या परिस्थितीत कदाचित शक्य होईल असं वाटत नाही’ अशी वाक्यं तयार होतात. लिहिणाऱ्याला ती सौम्य वाटतात, वाचणाऱ्याला मात्र त्यात फट दिसते. ‘सध्या’ म्हणजे पुढच्या महिन्यात जमेल का? ‘कदाचित’ म्हणजे पैसे कमी पडतायत का? मग रिक्रूटर पगार-मंजुरीच्या माणसांकडे जाते, वाढीव आकडा मागून आणते, दोन दिवसांनी परत फोन करते आणि तेव्हा तिला कळतं की निर्णय आधीच झाला होता. तिने स्वतःचा शब्द खर्ची घालून आणलेली मंजुरी फुकट जाते. पुढच्या वेळी तुमच्यासाठी ती तो शब्द टाकणार नाही. म्हणून नकाराचं वाक्य पहिल्या दोन ओळींत, एकच, आणि ‘सध्या’, ‘कदाचित’, ‘बहुधा’ यांपैकी काहीही त्यात नको.

कारण किती आणि कोणतं द्यावं, यावर लोक सर्वांत जास्त अडतात. भरतीच्या सिस्टीममध्ये ऑफर बंद करताना रिक्रूटरला ठरलेल्या यादीतून एक कारण निवडावं लागतं: पगार, ठिकाण, कामाचं स्वरूप, दुसरी ऑफर, सध्याच्या कंपनीने थांबवलं, वैयक्तिक. खाली शेरा लिहायला एक जागा असते. तुमचं लांबलचक स्पष्टीकरण शेवटी त्या एका पर्यायात आणि शेऱ्याच्या एका ओळीत जाऊन बसतं. तेव्हा कारण एका वाक्याचं पुरतं. पण ते असं निवडावं की ते दूर केलं असतं तरी तुमचा निर्णय बदलला नसता. वरच्या मेलमध्ये पेमेंट्सचं काम हे तसं कारण आहे. खराडीची कंपनी ते देऊ शकत नाही, त्यामुळे तिथे चर्चा संपते आणि कुणाला कमीपणाही येत नाही. याउलट ‘ऑफिस लांब पडतं’ असं लिहिलं तर उलट टपाली ‘आठवड्यातून दोनच दिवस या’ असं उत्तर येईल. मग काय लिहिणार?

खरं कारण पगारच असेल तर ते जरूर लिहावं, आणि मोकळेपणाने लिहावं. एकाच जागेसाठी लागोपाठ दोन-तीन नकार पगारावरून आले की रिक्रूटरला ते मेल पुढे दाखवून त्या जागेचा आकडा वाढवून घेता येतो. पुढच्या माणसाचं त्यात भलं होतं. फक्त ‘तुमची कंपनी पैसे कमी देते’ असं न म्हणता ‘माझ्या अपेक्षेत आणि ऑफरमध्ये बरंच अंतर होतं’ असं म्हणावं. हा मेल रिक्रूटर जशाचा तसा तिच्या वरच्यांना पाठवणार आहे हे धरून प्रत्येक वाक्य लिहावं. टीमच्या प्रमुखाने, पगार-मंजुरी देणाऱ्याने वाचला तर चालेल का? ज्या वाक्याला ‘नाही’ असं उत्तर येईल ते वाक्य काढून टाकावं. मुलाखतीत कुणी उद्धट बोललं असेल, तर ती तक्रार फोनवर सांगावी, या मेलमध्ये घालू नये.

आणि खोटं कारण देऊ नये. आपल्याकडे स्थळाला नकार देताना ‘पत्रिका जुळत नाही’ असं सांगायची रीत आहे. दोन्ही बाजूंना त्यातलं खरं कळतं आणि दोन्ही बाजूंची इभ्रत राहते. नोकरीच्या बाजारात ही रीत चालत नाही, कारण इथे तीन महिन्यांत सगळं उघड होतं. ‘आईची तब्येत बरी नसल्याने पुणे सोडता येत नाही’ असं बंगळूरच्या कंपनीला लिहिलं आणि पुढच्या तिमाहीत लिंक्डइनवर बंगळूरच्याच दुसऱ्या कंपनीचं नाव झळकलं, तर ते सर्वांत आधी कोण पाहतं? लिंक्डइनवर दिवसभर काम करणारी रिक्रूटरच पाहते. ‘वैयक्तिक कारणाने’ एवढंच लिहिणं मोघम आहे, पण प्रामाणिक आहे. तपशील सांगायचा नसेल तेव्हा मोघम लिहावं. तपशीलवार खोटं मात्र लिहू नये. आजारपण खरोखरच असेल, तर ते एका ओळीत सांगायलाही हरकत नाही.

आभाराचा परिच्छेद छोटा असला तरी सगळ्यात काळजीपूर्वक लिहायचा तोच. ‘दिलेल्या संधीबद्दल आणि आपल्या बहुमोल वेळेबद्दल आभारी आहे’ हे वाक्य रिक्रूटर आठवड्यातून दहा वेळा वाचते, म्हणजे खरं तर वाचतच नाही. त्याऐवजी तिने तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट सांगा. शनिवारी ठेवलेली फेरी, रात्री आठला उचललेला फोन, पगारातला कुठला भाग हातात येणार आणि कुठला येणार नाही हे न लपवता सांगणं. एकच, पण खरी. अशी ओळ तिच्याही वरिष्ठांपर्यंत जाते आणि ज्या दिवशी तिचा उमेदवार निसटला त्याच दिवशी तिच्या कामाची लेखी दाद तिच्या फाइलमध्ये येते. नकाराच्या मेलमधून दुसऱ्याला देता येण्यासारखी ही एक चांगली गोष्ट आहे आणि तिला काही खर्च नाही.

माफी मात्र एकदाच, किंवा अजिबात नाही. तीन वेळा ‘मला फार अपराधी वाटतंय’ लिहिलं की रिक्रूटरलाच तुमची समजूत काढत बसावी लागते.

आता दार उघडं ठेवण्याविषयी. ‘भविष्यात संधी असल्यास जरूर कळवावे’ हे वाक्य निरुपद्रवी आहे, पण त्याचं रिक्रूटर काहीच करू शकत नाही. कसली संधी? केव्हा? कुठल्या गावात? तिच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे टिपण करायची सोय असते आणि दोन वर्षांनी कुणीतरी शोध घेतला तर ते टिपण वर येतं. म्हणून टिपण करता येईल अशी ओळ तुम्हीच लिहून द्यावी: ‘स्ट्रीमिंग डेटा, लीडची जागा, दीड-दोन वर्षांनी.’ वरच्या मेलमध्ये हे तपशील मुलाखतीतल्या बोलण्यातूनच घेतलेत. त्या कंपनीत काय घडणार आहे ते तुम्ही लक्ष देऊन ऐकलं होतं, हेही त्यातून आपोआप दिसतं. कालावधी खरा लिहावा. नव्या नोकरीत जायच्या आधीच ‘सहा महिन्यांत कळवा’ असं लिहिलं तर तुम्ही कुठेच टिकणार नाही असं वाटेल. आणि तिथे परत जायची इच्छा खरोखर नसेल तर हा परिच्छेदच गाळावा. आभार मानून मेल संपवणं पुरेसं सभ्य आहे.

भरतीतली माणसंही नोकऱ्या बदलतात, आणि बरीच बदलतात. खराडीची रिक्रूटर दोन वर्षांनी बाणेरच्या दुसऱ्याच कंपनीत असू शकते. जुन्या कंपनीत तुमच्याविषयीचं टिपण राहतं आणि तिच्या डोक्यात तुमची आठवण राहते. म्हणजे दारं दोन झाली. दुसरं उघडं राहावं म्हणून मेलनंतर दोन-तीन दिवसांनी लिंक्डइनवर तिला जोडून घ्यावं. त्याच दिवशी नको, तेव्हा ती रिकाम्या जागेच्या गडबडीत असते.

आणखी एक गोष्ट खूप उपयोगी पडते, पण तिला एक अट आहे. त्या जागेला खरोखर साजेसा कुणी मित्र किंवा जुनी सहकारी माहीत असेल, तर तिला आधी विचारून तिचं नाव द्यावं. जागा त्याच क्षणी रिकामी झालेली असते, त्यामुळे रिक्रूटरला नाव हवंच असतं. मधे कन्सल्टन्सी असेल तर बुडालेली फी भरून निघण्याची ही जवळजवळ एकमेव वाट असते. मात्र न विचारता कुणाचाही नंबर देऊ नये, आणि केवळ भरपाई म्हणून कमकुवत नाव पुढे करू नये. ते उमेदवार दुसऱ्या फेरीत पडले की तुमच्या शब्दाची किंमत पडते.

कन्सल्टन्सीतून आलेल्या ऑफरला नकार देताना पहिला फोन कन्सल्टंटला, कारण कंपनीला सांगायची जबाबदारी आणि बोलणी खायची वेळ त्याच्यावर येते. मेल मात्र ज्याने ऑफर लेटर पाठवलं त्याला, म्हणजे बहुधा कंपनीच्या एचआरला, आणि कन्सल्टंटला त्याची प्रत. ‘कंपनीला तुम्ही काही लिहू नका, मी बघतो’ असं कन्सल्टंट कधी म्हणतो. त्याच्या मनात तुमचं मन वळवायला दोन दिवस मिळवायचे असतात. समजून घ्यावं, पण मेल पाठवावा. लेखी नकार कंपनीपर्यंत पोचला नाही, तर जॉइनिंगच्या दिवशी न आलेल्यांच्या यादीत तुमचं नाव जातं आणि ते पुसायला पुढे कुणी बसलेलं नसतं.

आता अवघड प्रकार: ऑफर स्वीकारून झाली आहे, सही करून पाठवली आहे, ४० दिवस गेले आहेत, आणि आता जायचं नाही. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे दिलेली ऑफर स्वीकारल्याचं समोरच्याला कळलं की करार होतो. म्हणून हा मेल ऑफर नाकारण्याचा नव्हे, दिलेला शब्द मागे घेण्याचा असतो. कोर्ट कुणाला जबरदस्तीने नोकरीवर बसवत नाही, पण पत्रातल्या अटी वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नये. रुजू होण्याआधी माघार घेतली तर काय, हे काही पत्रांत लिहिलेलं असतं. कंपनीने घर हलवण्याचा खर्च, विमानाचं तिकीट, आगाऊ बोनस, लॅपटॉप असं काही दिलं असेल, तर ते परत कसं आणि कधी करणार हे त्याच मेलमध्ये स्वतःहून लिहावं. इथे माफी हवी, एकदा आणि ठसठशीत: ‘मी स्वीकारल्याचं कळवल्यानंतर मागे फिरते आहे आणि त्यामुळे तुमची अडचण होणार याची मला जाणीव आहे.’ कारण एका वाक्यात. आणि ज्या दिवशी मन बदललं त्याच दिवशी. ४०व्या दिवशी कळवलं तर अजून ५० दिवस कंपनीच्या हातात असतात. त्या ५० दिवसांची किंमत रिक्रूटरला चांगली कळते. दार इथे उघडं राहीलच असं नाही. काही कंपन्या अशा उमेदवाराच्या नावापुढे ‘पुन्हा विचार करू नये’ असा शेरा मारतात, तो शेरा मारणारी व्यक्ती गेली तरी सिस्टीममध्ये राहतो. म्हणून अशा मेलमध्ये पुढच्या संधीचा परिच्छेद घालू नये. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत समोरचं माणूस नसतं. सहा महिने जाऊ द्यावेत.

सध्याच्या कंपनीने पगार वाढवून थांबवलं, हे कारण असेल तर तेही सरळ लिहावं. पगारवाढीने थांबलेला माणूस ज्या कारणाने बाहेर पडत होता ते कारण पुष्कळदा तसंच राहतं, हे रिक्रूटरला अनुभवाने माहीत असतं. ती पाच-सहा महिन्यांनी सहज म्हणून फोन करते. ज्याने कारण लपवलं त्याला तो फोन येत नाही.

मेल पाठवल्यावर काय उत्तर येतं त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. ‘नोंद घेतली, शुभेच्छा’ एवढंच आलं तर त्यात राग शोधू नये, ती कामात असते. ‘तुमचा मेल मी प्रमुखांना पाठवला, त्यांनाही वाईट वाटलं’ असं स्वतःच्या शब्दांत आलं, तर तुमचं टिपण चांगलं झालं आहे. काहीच आलं नाही तर आठवड्याने एकदा ‘माझा मेल मिळाला ना, ऑफर तुमच्या बाजूने बंद झाली ना’ एवढं विचारावं. यात आपलाही स्वार्थ आहे. ऑफर बंद झाली नसेल तर पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेची माणसं अजून तुमच्या जुन्या कंपन्यांत फोन करत असतात.

दीड वर्षांनी त्या डेटा इंजिनिअरला खरोखरच खराडीला जावंसं वाटलं, तर पुन्हा तोच जुना मेल उघडावा आणि त्याच्याच खाली उत्तर लिहावं. रिक्रूटर बदललेली असली तरी सगळा इतिहास त्यात असतो: जागा, तारीख, पगार, नकार, त्याचं कारण. त्यावर तीन ओळी पुरतात. ‘मागच्या वर्षी मी ही ऑफर नाकारली होती. त्यानंतर पेमेंट्सच्या स्ट्रीमिंग सिस्टीमवर दीड वर्ष काम केलं, त्यातले आठ महिने चौघांची टीम सांभाळली. तुमच्याकडच्या स्ट्रीमिंग टीममध्ये लीडची जागा असेल तर बोलायला आवडेल.’ खाली सध्याचा नोटीस पीरियड किती दिवसांचा आहे आणि त्यातले किती दिवस पैसे भरून कमी करता येतील, हे लिहावं. तो प्रश्न रिक्रूटर सगळ्यात आधी विचारते.